खर्ऱ्याची पहिली खूण ताटात दिसते

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की बरेच आईबाप कुणाला न सांगता एक तपासणी सुरू करतात. पोरगा बाहेरून आला की त्याच्या शर्टाचा वास घ्यायचा, खिशात काडेपेटी सापडते का ते पाहायचं. धुराचा वास आला नाही, बिडीचं थोटूक मिळालं नाही की जीव भांड्यात पडतो. यवतमाळ जिल्ह्यात ही तपासणी बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे निघाले, तर तोंडात ठेवायची, चघळायची किंवा दातांना लावायची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. आपल्याकडची तंबाखू धूर काढत नाही. ती गालात बसते, आणि वणीपासून उमरखेडपर्यंत तिचं नाव एकच आहे, खर्रा.

दुसरा गैरसमज वयाचा. आईबाप कॉलेजची वाट पाहतात, कारण व्यसन कॉलेजात लागतं अशी समजूत आहे. शाळकरी मुलांचं जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण 2019 मध्ये देशभर झालं. 13 ते 15 वयाच्या मुलामुलींपैकी 8.5 टक्के त्या काळात कुठली ना कुठली तंबाखू वापरत होते. त्यांतली जी चघळण्याची तंबाखू वापरत होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस होण्याआधी केली होती. म्हणजे दहावीच्या मुलाकडे आपण संशयानं पाहू लागतो तेव्हा त्यातल्या काहींच्या सवयीला पाच वर्षं झालेली असतात. चौथी-पाचवीतल्या पोराला पानठेल्यावरून पुडी आणायला पाठवणारं घर आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्या पुडीतला चिमूटभर तुकडा वाटेत तोंडात टाकला जातो आणि तिथून सुरुवात होते.

खर्ऱ्यात तीनच गोष्टी असतात, कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. ठेलेवाला त्या जाड पन्नीत घालून पाटीवर दाबून घोटतो, चांगलं ओलसर झालं की छोट्या पन्नीत बांधून देतो. यातला चुना चवीपुरता नसतो. चुन्यामुळे तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो, आणि अशा ओलाव्यात तंबाखूतलं निकोटीन गालाच्या नाजूक त्वचेतून फार लवकर रक्तात उतरतं. म्हणून नवख्या मुलाला पहिल्या एक-दोन वेळा खर्रा जोरात लागतो. त्याला घाम फुटतो, चक्कर येते, उचकी लागते, कधी उलटी होते. सुट्टीच्या दुपारी मित्रांबरोबर गेलेला मुलगा पांढराफटक होऊन परत आला आणि ‘उन्हानं झालं’ म्हणाला, तर ते ऊनही असू शकतं. पण ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढे शरीर सरावलं की हा इशारा पुन्हा मिळत नाही.

सुपारीचं काम वेगळं आहे आणि जास्त चिवट आहे. तिच्यातली अरेकोलीनसारखी द्रव्यं गालाच्या आतल्या थरात तंतू वाढवतात. मऊ, ताणली जाणारी त्वचा हळूहळू कडक, पांढुरकी होते. डॉक्टर या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंड उघडायला त्रास होतो तो यामुळेच, आणि पुढे याच जागी कर्करोग होण्याचा धोका वाढतो. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं आहे. या आजाराची एक खासियत आईबापांच्या कामाची आहे. तोंड उघडणं कमी होण्याच्या कितीतरी आधी तोंडात आग होऊ लागते. ठेचा, चटणी, झणझणीत रस्सा जिभेला आणि गालांना सहन होत नाही. आपल्या भागात लहानपणापासून तिखट खाऊन वाढलेलं पोर एकाएकी भाजीत दही कालवू लागलं, ठेचा बाजूला सारू लागलं, प्रत्येक घासाला पाणी पिऊ लागलं, तर ती खूण घरातल्या कुणालाही दिसू शकते. त्यासाठी त्याचं दप्तर उचकावं लागत नाही.

ताटाजवळ बसलेल्या माणसाला आणखीही काही दिसतं. खर्रा गालात असलेलं मूल बोलायचं टाळतं, मानेनं किंवा ‘हं’ म्हणून उत्तर देतं. बोलावंच लागलं तर हनुवटी किंचित वर करून बोलतं, कारण रस ओठांवर यायला नको असतो. जेवण झालं की दहा मिनिटांत ‘आलोच’ म्हणून बाहेर जाण्याची सवय लागते. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून नियमित खाणाऱ्याची चिडचिड दिवसभर सारखी नसते. तिला वेळापत्रक असतं. सलग तीन तास पाहुण्यांत बसावं लागलं की मूल अस्वस्थ होतं, पाच मिनिटं बाहेर जाऊन आलं की एकदम मोकळं होतं. वयात येणाऱ्या मुलाची एरवीची चिडचिड अशी घड्याळावर चालत नाही.

घरातल्या वस्तूही बोलतात. पॅन्टच्या खिशात किंवा दुचाकीच्या डिक्कीत चुरगळलेली छोटी पन्नी सापडते, तिच्या आतून वाळलेल्या चुन्याचा पांढरट थर असतो. न्हाणीच्या कोपऱ्यात, खिडकीखालच्या भिंतीवर तपकिरी शिंतोडे दिसतात. बडीशेप, वेलची, पुदिन्याच्या गोळ्या अचानक आवडू लागतात. खालच्या दाढांच्या मुळाशी एकाच बाजूला तपकिरी डाग येतो, कारण खाणारा बहुधा एकच गाल वापरतो. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. त्यांच्या हाती खर्ऱ्याऐवजी अनेकदा गुडाखू पडतो, तोही आजी किंवा काकूच्या डबीतून, दात घासायला म्हणून. पोरगी सकाळी दात घासायला वीस मिनिटं घेऊ लागली आणि दिवसातून तीनदा घासू लागली, तर तिच्या स्वच्छतेचं कौतुक करण्याआधी डबी पाहावी. गुडाखू म्हणजे गुळात कालवलेली तंबाखूच.

व्हेपचं प्रकरण निराळं आहे. यवतमाळच्या खेड्यात ते क्वचित भेटेल, पण नीट-जेईईच्या शिकवणीसाठी नागपूर, पुणे किंवा कोट्याला गेलेल्या मुलांच्या आईबापांनी ते ओळखायला हवं. हे यंत्र पेन ड्राइव्ह, हायलायटर किंवा लिपस्टिकसारखं दिसतं, आणि फोनच्याच वायरनं चार्ज होतं. त्यातून निघणारी वाफ काही सेकंदांत विरते. मागे राख किंवा जळका वास राहत नाही, राहिलाच तर आंब्याचा, पुदिन्याचा, च्युइंगमसारखा गोड वास. त्यामुळे सुट्टीत घरी आलेल्या मुलाच्या खोलीत, पांघरुणात किंवा बाथरूममध्ये फळांचा वास येत असेल आणि खोलीत फळं नसतील, तर विचार करावा. सोबत सारखी तहान, कोरडं तोंड, बारीक कोरडा खोकला, कधी नाकातून रक्त अशी लक्षणं दिसू शकतात. नव्या प्रकारच्या व्हेपमध्ये निकोटीनचं क्षाररूप वापरतात. ते घशाला जाळत नाही, त्यामुळे पहिल्या झुरक्याला ठसका लागून मूल मागे सरत नाही आणि शरीराला जास्त निकोटीन मिळत जातं. भारतात 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. म्हणजे मुलाच्या हातातलं प्रत्येक यंत्र चोरट्या बाजारातून आलेलं आहे, आणि त्यावर ‘निकोटीन नाही’ असं छापलेलं असलं तरी त्या छपाईची हमी घेणारं कुणी नाही. घरात लहान भावंड असेल तर एक सावधगिरी लगेच घ्यावी. त्यातला द्रव बाळानं गिळला तर विषबाधा होते.

खुणा कळल्या की पुरावे गोळा करायचा मोह होतो. इथं थोडं थांबावं. तोंडात आग होण्याची कारणं इतरही आहेत. लोह किंवा बी-12 ची कमतरता असली तरी जीभ लाल होते आणि तिखट लागतं. तोंड आलं असेल, नुकतीच एखाद्या आजाराची औषधं झाली असतील तरी तसंच होतं. चिडचिड परीक्षेची असू शकते, आणि कोवळ्या वयातल्या नैराश्याचीही असते. म्हणून एका खुणेवरून निकाल देऊ नये. वेगवेगळ्या जातीच्या दोन-तीन खुणा, म्हणजे एक ताटातली, एक खिशातली, एक वागण्यातली, दोन आठवडे एकत्र दिसत राहिल्या तर बोलायची वेळ झाली असं समजावं. लघवीत निकोटीनचा अंश शोधणाऱ्या तपासण्या मिळतात. त्या चोरून करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती तपासणी फार तर गेल्या काही दिवसांत निकोटीन शरीरात गेलं होतं एवढंच सांगते. ते मित्राच्या आग्रहानं पहिल्यांदा गेलं की रोज जातं, हे ती सांगत नाही, आणि तेवढ्यासाठी मुलाचा विश्वास खर्ची पडतो.

त्यापेक्षा घरच्या घरी करता येणारी एक उघड तपासणी चांगली. तोंड पूर्ण उघडून आपल्याच हाताची तीन मधली बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का ते पाहायचं. बोटं ज्याची त्याची हवीत, मुलाच्या तोंडात बापाची बोटं नव्हेत. तीन बसली तर उघडणं ठीक आहे. दोनच बसत असतील तर दातांच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नये. मग गालाची आतली बाजू उजेडात पाहावी. निरोगी गाल गुलाबी आणि ओला दिसतो, बिघडू लागलेला गाल संगमरवरासारखा फिकट, आणि बोट फिरवलं तर आत दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. फुगा फुगवता न येणं, शिट्टी नीट न वाजणं हीही त्याच आजाराची लक्षणं आहेत. मात्र तीन बोटं बसली म्हणजे मूल खातच नाही असं ठरवू नये. आग होण्याच्या टप्प्यावर तोंड अजून पूर्ण उघडत असतं, आणि सोडून थांबवण्यासारखा टप्पाही तोच असतो. ही तपासणी एकट्या मुलाची केली की ती चौकशी होते. जेवणानंतर आजोबांपासून सगळ्यांनी रांगेत केली की तो घरातला एक कार्यक्रम होतो, आणि कितीतरी घरांत दोन बोटांवर अडकणारा माणूस मुलगा नसून बाप निघेल.

आता बोलण्याकडे येऊ. आर्णी तालुक्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. हे घर कल्पनेतलं आहे, पण त्यातली कुठलीच गोष्ट अनोळखी वाटणार नाही. घरी चार एकर कापूस-तूर, बाप खर्रा खातो, थोरला मुलगा दहावीत. आईनं पंधरा दिवसांत तीन गोष्टी पाहिल्या. त्यानं ठेचा सोडला, जेवण झालं की तो चौकात पळतो, आणि धुवायला टाकलेल्या पॅन्टमध्ये पन्नी सापडली. तिनं त्या रात्री काहीच विचारलं नाही, हे सगळ्यांत शहाणपणाचं. पन्नी हातात धरून, संतापलेल्या आवाजात, धाकट्या बहिणीसमोर विचारलेल्या प्रश्नाला जगातलं कुठलंही पोर ‘माझी नाही, मित्राची आहे’ हेच उत्तर देतं. एकदा खोटं बोलून झालं की पुढचे सहा महिने त्याला ते खोटं सांभाळावं लागतं.

तिनं आधी नवऱ्याशी बोलून घेतलं. मुलाशी कोण बोलणार, मारायचं नाही, आणि शाळेत जाऊन तमाशा करायचा नाही, एवढं दोघांनी ठरवलं. मग रविवारी सकाळी शेतात तुरीच्या शेंगा तोडताना ती त्याच्या शेजारच्या ओळीत आली. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना मुलं जास्त बोलतात.

“बापू, दोन हप्ते झाले, तू ठेच्याले हात लावत नाहीस. पाणी पिऊ पिऊ जेवतोस. तोंडात आग होते का रे?”

“काही नाही. उष्णता असन.”

“असू शकते. पण धुण्यात मले खर्ऱ्याची पन्नी बी भेटली. मी मारत नाही, कोणाले सांगत बी नाही. मले फक्त तुझी काळजी वाटून राहिली.”

तिनं काय केलं ते पाहा. तिनं पाहिलेली गोष्ट सांगितली, त्यावर निकाल दिला नाही. ‘तू खर्रा खातोस ना?’ असा हो-नाहीचा प्रश्न टाकला नाही, कारण त्याला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. आणि पाळता येईल तेवढंच वचन दिलं. मग ती गप्प राहिली. ही शांतता मोठ्या माणसांना सहन होत नाही, लगेच भाषण सुरू होतं. तिनं शेंगा तोडणं चालू ठेवलं.

“कधी कधी खातो. पोट्टे देतात.”

“बरं केलं सांगितलं. खाल्ल्यावर कसं वाटते तुले?”

“पहिल्यांदा चक्कर आली होती. आता रात्री अभ्यासाले बसलो का खातो. झोप येत नाही.”

“आन् त्यातलं काय आवडत नाही?”

“तोंड जळते. कबड्डीत दम लागते. पैसे बी जातात.”

ही तीन वाक्यं तिच्या तोंडून गेली असती तर त्यानं कान बंद केले असते. ती त्याच्या तोंडून आली म्हणून कामाची. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनाच्या उपचारासाठी बांधलेल्या पद्धतीचं मर्म हेच आहे. समोरच्याला सोडण्याची कारणं आपण पुरवली की तो न सोडण्याची कारणं शोधतो. म्हणून आधी त्याला त्यात काय बरं वाटतं ते विचारायचं, आणि ते खरं मानायचं. या मुलाला झोप घालवायला काहीतरी हवं आहे. खर्रा काढून घेतला आणि अभ्यासाची वेळ तशीच ठेवली, तर तिसऱ्या दिवशी तो परत चौकात जाईल.

त्याच पद्धतीतला एक प्रश्न कुणालाही जमेल असा आहे.

“सोडावं असं किती वाटते? शून्य ते दहात सांग.”

“चार.”

“चार? एक काहून नाही म्हटलं?”

बहुतेक आईबाप इथं ‘फक्त चार?’ असं विचारतील, आणि मुलगा चारच का आहेत याचा बचाव करू लागेल. ‘एक का नाही’ विचारलं की तो स्वतःलाच सोडण्याची कारणं सांगू लागतो. आमच्या या मुलानं सांगितलं की जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवड व्हायची आहे. एवढं ऐकून आईनं त्या दिवशीचं बोलणं थांबवलं. मित्रांची नावं विचारली नाहीत, कारण मित्रांना वाचवण्याच्या नादात मूल पुन्हा बंद होतं. शपथ घालायला लावली नाही. आईच्या गळ्याची शपथ मोडली की मूल खर्ऱ्यासोबत अपराधही लपवू लागतं.

आणि समजा, मुलानं सगळं साफ नाकारलं असतं तर? तर भांडण जिंकायची गरज नव्हती. ‘ठीक आहे. मी काय पाहिलं ते तुले सांगितलं. तोंडात आग होते तेवढी मात्र डॉक्टरला दाखवू’ एवढं म्हणून विषय सोडायचा आणि आठवडाभरानं डॉक्टरकडे न्यायचं. दातांचा डॉक्टर गाल पाहून जे सांगेल ते आईच्या आरोपापेक्षा मुलाला पटतं.

या घरात एक प्रश्न येणारच होता आणि तो आला. “बाबा बी तं खातात.” यावर ‘मोठ्यांची बरोबरी करू नको’ म्हटलं की संवाद संपला. बापानं काय म्हणावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यानं खरं सांगावं. वीस वर्षांपासून खातो, सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तीन बोटं तोंडात जात नाहीत, आणि म्हणूनच तुला सांगतो आहे. शक्य असेल तर दोघांनी एकाच दिवशी थांबावं. तेही जमत नसेल तर निदान घरात खाऊ नये, पुडी घरात ठेवू नये आणि मुलाला आणायला पाठवू नये. पूर्ण सोडून दाखवणारा बाप नसला तरी झगडणारा बाप मुलाला पुरतो. लपवणारा बाप पुरत नाही.

थांबल्यावरचे पहिले तीन दिवस सर्वांत अवघड असतात. डोकं दुखतं, राग येतो, लक्ष लागत नाही, भूक वाढते, पोट साफ होत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतेक ओसरतं. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, आणि ती टळली की उतरते. म्हणून तलफेच्या दहा मिनिटांची आधीच सोय लावावी. आमच्या आईनं जेवणानंतरची वेळ पकडली. चौकात जायच्या वेळी बाप त्याला गाडीवर घेऊन विहिरीची मोटर बंद करायला जाऊ लागला. अभ्यास रात्री अकरावरून पहाटे पाचवर आणला, त्यामुळे झोप घालवायचा प्रश्नच उरला नाही. या आठवड्यात मुलानं आदळआपट केली तर त्याला उद्धट म्हणू नये, ते निकोटीन उतरत असतं. आणि तो दहाव्या दिवशी एकदा खाऊन आला, तर ‘शेवटी केलंसच ना’ म्हणण्याऐवजी कुठं, कुणाबरोबर, कुठल्या वेळी ते विचारावं. त्यातून पुढल्या वेळी कोणती वाट टाळायची ते कळतं.

या टप्प्यावर आपल्या भागात एक मोठी चूक होते. तंबाखू सोडली म्हणून मुलाला साधी किंवा गोड सुगंधी सुपारी खाऊ देतात, लग्नाच्या पंगतीनंतर तर मोठी माणसंच हातावर ठेवतात. निकोटीन सुटतं, पण गाल कडक करणारी वस्तू सुपारीच आहे. आजार तसाच पुढे सरकतो. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, भाजलेले फुटाणे, ज्वारीच्या लाह्या द्याव्यात. निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण अठरा वर्षांखालच्या मुलाला ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

डॉक्टर लांब नाहीत. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, गालाचा आजार दिसत असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय गाठता येतं. आगीच्या टप्प्यावर सुपारी थांबली तर जळजळ कमी होते आणि आजार वाढायचा थांबू शकतो. एकदा तंतूंचे पट्टे पक्के झाले की तोंड पूर्वीसारखं होत नाही, मग व्यायाम, इंजेक्शनं, प्रसंगी शस्त्रक्रिया करून उघडणं थोडं वाढवता येतं इतकंच. घरच्यांशी बोलायला मूल तयार नसेल तर राष्ट्रीय तंबाखू मुक्ती दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत आहे. अधिकृत तंबाखूच्या पाकिटांवर हा क्रमांक छापलेला असतो, खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं. खुणांमागे उदासी, झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं असेल तर टेलि-मानसच्या 14416 वर चोवीस तास फोन करता येतो, आणि तिथं आधी तंबाखूविषयी बोलायची गरज नाही.

राज्यात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, पुढल्या वर्षी खर्रा, मावा आणि सुगंधित तंबाखूही तिच्यात आले. शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला कुठंच विकता येत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कायदे ठेल्यावर कधी लागू होतील ते आपल्या हातात पूर्णपणे नाही. पण पुडी आणायला पोराला ठेल्यावर पाठवणं आज संध्याकाळपासून बंद करता येईल. ते आधी करा, मुलाशी बोलणं त्यानंतर.